कानपिळी, चार चौकटींत

चि. मुक्ता,


चिन्याच्या लग्नाच्या फोटोंचं, पूजेला वाटायला तू केलेलं कॉमिक पाहिलं आणि झोप उडाली. तू विचारलंस एवढंच, की फुग्यांना कुठला फॉन्ट लावू. फॉन्टचं पुढे सांगतो. आधी हे सांग, पहिल्या चौकटीत चष्मा लावलेला नवरीचा भाऊ तिसऱ्या चौकटीत बिनचष्म्याचा कसा? फोटोवाला समोर आला म्हणून त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, हे आपल्याला ठाऊक. वाचणाऱ्याला तो दुसराच मुलगा वाटतो.

फिल्टर लावून कडा काळ्या केल्या की कॉमिक होत नाही गं. फिल्टर प्रत्येक फोटो सुटा धरतो. त्याला उजेड-सावली कळते, माणूस कळत नाही. मांडवातल्या पिवळ्या दिव्याखाली तुझी आत्या एक, दारातल्या उन्हात दुसरी. त्यात फोटो फोनवर जवळून काढलेले, म्हणजे कडेला उभ्या माणसाचं तोंड आणखी ताणलं जातं. म्हणून माझं जुनं तुणतुणं पुन्हा वाजवतो: अंग फोटोवरून गिरव, तोंड गिरवू नकोस. आधी कोऱ्या कागदावर प्रत्येक माणूस समोरून, बाजूने आणि पाठमोरा काढ. प्रत्येकाला दोन ठळक खुणा दे. आत्याला अंबाडा आणि मोठं कुंकू, भावाला चष्मा आणि कपाळावरची बट. मग दर चौकटीत तोंड त्या कागदावरूनच घे, फोटोत चष्मा असो वा नसो. कपड्यांच्या रंगावर विसंबू नकोस. आपल्याकडे नवरी एका दिवसात किती साड्या बदलते!

आता कानपिळी घे. तिचे ढीगभर फोटो आहेत, पण निम्म्यांत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. ते अल्बमला ठेव. कॉमिकमधली माणसं एकमेकांकडे बघायला हवीत, नाहीतर कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. चार चौकटी पुरतात. पहिलीत सगळा मांडव आणि पुढे येणारा भाऊ. दुसरीत त्याचा हात चिन्याच्या कानाकडे आणि फुगा: ‘ताईला त्रास दिलात तर?’ इथे भाऊ डावीकडे आहे ते बरं, कारण आपण डावीकडून वाचतो. आधी बोलणारा उजवीकडे असला की उत्तर आधी वाचलं जातं.

घोळ पुढे आहे. फोटोवाला मधेच होमाच्या पलीकडे गेला आणि भाऊ उजवीकडे, चिन्या डावीकडे आला. दोघांनी जागा बदलल्यासारखं दिसतं. त्यावर तू फोटो आरशासारखा उलटवलास, तिथे मी कपाळाला हात लावला. नवरीचा पदर उजव्या खांद्यावर, आणि मागचं ‘शुभविवाह’ उलटं! त्यापेक्षा तिसरी चौकट फक्त बोटं आणि कान एवढीच, मोठी करून घाल. ती कुठल्या बाजूची हे कळत नाही, त्यामुळे ती ओलांडल्यावर पलीकडून पाहणं खटकत नाही. तसा फोटो नसला तर सरळ चित्र काढ. दिदिए लफेव्र हा फ्रेंच छायाचित्रकार 1986 साली डॉक्टरांच्या पथकाबरोबर अफगाणिस्तानात गेला होता. त्या प्रवासाचं ‘ल फोतोग्राफ’ हे कॉमिक झालं, तेव्हा फोटोंमधल्या रिकाम्या जागा एमान्युएल गिबेरने चित्रांनी भरल्या. चौथ्या चौकटीत चिन्या डावीकडे आलाय ते सोयीचंच झालं. तो आधी म्हणेल, ‘घ्या पाकीट, पण कान सोडा!’ मागे आत्या.

फुग्याचं म्हणशील तर आधी वाक्य लिही, मग त्याभोवती फुगा काढ. तू उलट केलंस, म्हणून अक्षरं कडांना चिकटलीत. फोटोत डोकं वरच्या कडेला टेकलं असेल तर मांडवाचं छत वर वाढवून जागा कर. शेपूट तोंडाच्या रोखाने जाऊ दे, तोंडात शिरू देऊ नकोस. फॉन्ट ‘कलम’ घे, हस्ताक्षरासारखा आहे आणि फुकट मिळतो. दोन ओळींत अंतर मात्र सढळ ठेव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

हे सगळं सुधारेल. मला घोर लागलाय तो त्या शेवटच्या फुग्याचा. आत्याच्या तोंडी तू घातलंस, ‘आमच्या लग्नात कान पिळायला कुणी आलंच नाही!’ तुला गंमत वाटली. तुझ्या बाबांनी ते पान वाचलंय का? तेव्हा काय झालं ते मी लिहिणार नाही. विचारायचं तर त्यांनाच विचार, आणि तेही पूजा आटोपल्यावर. फोटोत आत्या हसतेय हे खरं, पण वाक्य तुझं आहे आणि छापल्यावर ते तिचं म्हणून घरोघर जाणार. नातेवाइकांच्या तोंडी शब्द घालताना हात जरा आखडता घ्यावा, बाळ. गोष्टीतलं पात्र भांडायला येत नाही. आत्याही येणार नाही, गप्प बसेल, आणि तेच वाईट.

तेव्हा छापायला देण्याआधी तिच्याकडे जा. तिचे फुगे कोरे ठेवून पानं दाखव आणि ती जे म्हणेल तेच लिही. काहीच म्हणाली नाही, तर तो फुगा काढून टाक. पूजेला पुस्तिका मिळाली नाही तरी कुणाचं अडत नाही.

तुझा,
मामा