सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?

मागच्या वर्षी एक सासू-सून माझ्याकडे आल्या होत्या. सासूबाई बासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखत होते. सून छत्तीसची. ती स्वतःला दाखवायला आलीच नव्हती. निघताना सहज म्हणाली, "डॉक्टर, माझीही बोटं दुखतात. आईंच्याच गोळ्या घेते मी, पाच महिने झाले."

मी तिला विचारलं, "सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

"सहाला उठते. साडेआठपर्यंत कणीक मळता येत नाही."

हाच प्रश्न सासूबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "चार पावलं टाकली की सुटतात गुडघे. मग संध्याकाळी जिने चढले की दुखतात."

दोघींचं दुखणं 'सांधेदुखी'च, पण आजार वेगळे. सासूबाईंना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात होता. यात सांध्यातली कूर्चा हळूहळू झिजते. वय, वाढलेलं वजन, जुनी दुखापत ही त्याची मुख्य कारणं. गुडघे, खुबा, अंगठ्याचं मूळ आणि बोटांच्या टोकाकडचे सांधे यात जास्त सापडतात. सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो. वापराने दुखणं वाढतं, विश्रांतीने कमी होतं.

सुनेचे दोन्ही हात मी टेबलावर ठेवायला सांगितले. दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले होते. तळहात आडवा धरून हलकेच दाबला तर ती कळवळली. बोटांच्या टोकाकडचे सांधे मात्र ठीक होते. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर सुजतं आणि पुढे हाडही कुरतडतं. आखडलेपणा बहुधा तासाहून जास्त टिकतो आणि बसून राहण्यापेक्षा हालचालीने सैल पडतो.

तुम्ही विचाराल, गोळ्यांनी तिला बरं वाटत होतं ना? वाटत होतं, आणि धोका तिथेच होता. वेदनाशामक गोळी दुखणं दाबते, हाडाचं कुरतडणं थांबवत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी वेगळी औषधं लागतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

तिची 'आरए फॅक्टर' तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा घरचे म्हणाले, "मग आमवात नाही!" पण आमवाताच्या काही रुग्णांत ती निगेटिव्हच येते. तिची अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह होती, सीआरपी वाढलेला होता. शिवाय सुजलेले सांधे समोर दिसत होतेच.

आज ती सकाळी सातला पोळ्या लाटते. सासूबाई वजन कमी करताहेत आणि मांड्यांचे व्यायाम करताहेत. एकमेकींच्या गोळ्या आता कुणी घेत नाही.

उद्या सकाळी तुम्हीही घड्याळ बघा. बोटांची सूज आणि तासाभराचा आखडलेपणा काही आठवडे टिकला, तर दुसऱ्याच्या डब्यातली गोळी घेऊ नका. हात डॉक्टरांना दाखवा.