नामंजुरीचं पत्र आलंय? आधी पाकीट जपून ठेवा

आमच्या शेजारच्या बापूंना गेल्या महिन्यात नगरपरिषदेचं पत्र आलं. विषय : बांधकाम परवानगी नाकारल्याबाबत. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. मी दुसऱ्या एका नगरपरिषदेच्या नगररचना विभागात रचना सहायक होतो, अशी पत्रं टाईप करण्यात आयुष्य गेलं. म्हणून ते माझ्याकडे आलं. अशी वेळ इथं बऱ्याच जणांवर येते म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे हे पत्र नक्की कसलं आहे ते बघा. "खालील त्रुटींची पूर्तता करावी" असं असेल तर ते त्रुटीपत्र, प्रकरण अजून जिवंत आहे. बापूंच्या पत्रात मात्र "महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम ४५ अन्वये नामंजूर" असं स्पष्ट होतं. म्हणजे हा आदेश. आणि त्याच कलमाप्रमाणे आदेशात कारणं द्यावीच लागतात. नुसतं "नियमात बसत नाही" चालत नाही.

कारणं तीन होती. एक, मिळकत पत्रिकेवर अजून बापूंच्या वडिलांचं नाव. दोन, पुढचं सामासिक अंतर कमी. तीन, शेजाऱ्याची हरकत.

बापू म्हणाले, "भाऊ, तिन्हीवर अपील ठोकू." मी नको म्हणालो. पहिल्या कारणावर अपिलात जिंकण्यासारखं काहीच नाही, वारसनोंद करून आणली की विषय मिटतो. दुसरं जरा नीट समजून घ्या, कारण निम्मे नकाशे इथंच मार खातात. समोरचा रस्ता आज ९ मीटर आहे, विकास योजनेत तो १२ मीटर दाखवलाय. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर रुंदी वाढणार. इंजिनिअरने ३ मीटर मोजले ते आजच्या हद्दीपासून. योजनेच्या रेषेपासून मोजले तर उरतात फक्त दीड, आणि पत्रात मागितलेत ३. इथं साहेब बरोबर आहेत. घर दीड मीटर मागे घेऊन नवा नकाशा द्यायचा, बस. (रस्त्यात जाणारी जागा विनामोबदला हस्तांतरित केली तर तिचा चटईक्षेत्र निर्देशांक उरलेल्या प्लॉटवर मागता येतो. पत्रात हे लिहिलेलं नसतं, आपण विचारायचं.)

तिसरं कारण मात्र मला पटलं नाही. शेजाऱ्याने हद्दीत दोन फुटांचा वाद आहे असा साधा अर्ज दिलाय. दावा नाही, मनाई हुकूम नाही. उलट बापूंकडे भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत आहे. नगरपरिषदेने कागदावर मालकी दिसते का आणि नकाशा नियमात आहे का हे बघायचं. हद्दीचा निवाडा दिवाणी कोर्टाचा. हे कारण असंच राहिलं तर उद्या नवा नकाशाही त्यावरच अडेल. म्हणून अपील याच मुद्द्यावर.

अपील कुठे, तर पत्रात "सक्षम प्राधिकाऱ्याकडे" एवढंच! असं लिहिणाऱ्याचा मला रागच येतो. ओळ लांबत नव्हती. कलम ४७ प्रमाणे हे अपील राज्य शासनाकडे, म्हणजे मंत्रालयात नगरविकास विभागाकडे करायचं. मुदत ४० दिवस, आणि ती आदेश आपल्याला कळवल्यापासून. पत्रावर तारीख ३ जूनची, पोस्टाने हातात पडलं १२ जूनला. म्हणजे २२ जुलैपर्यंत वेळ. ३ जूनपासून मोजलं असतं तर नऊ दिवस फुकट गेले असते. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का हाच पुरावा, म्हणून पाकीट फेकू नका.

सोबत आदेशाची प्रत, नामंजूर नकाशा, मिळकत पत्रिका, 'क' प्रत आणि हरकतीच्या अर्जाची प्रत जोडली. ही शेवटची प्रत नगरपरिषदेतून माहिती अधिकारात मागवली. सुनावणीत दोन्ही बाजू ऐकतात. शासन अपील फेटाळू शकतं किंवा परवानगी देऊ शकतं, अटी बदलूनही.

आणखी एक. चौकात कुणीतरी बापूंना सांगितलं, "साठ दिवस उलटून गेले होते ना? मग परवानगी मिळालीच समजा, पाया खोदा." साठ दिवसांची तरतूद खरी आहे. पण ते दिवस त्रुटीला दिलेल्या उत्तरापासूनही मोजले जातात, आणि मानीव परवानगी मिळते ती नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. इथं दीड मीटर कमी आहे. खोदलं असतं तर पुढचं पत्र पाडकामाच्या नोटिशीचं आलं असतं.

वारसनोंदीचा अर्ज गेलाय, नवा नकाशा इंजिनिअरकडे आहे. अपील १८ जुलैला दाखल केलं, पोच घेतली. सुनावणीची तारीख अजून यायचीय. कुणाकडे असं पत्र असेल तर कारणांचा परिच्छेद कमेंटमध्ये टाका, नाव-पत्ता झाकून.