चेक परत आला, आता पत्र कसं लिहायचं?

परवा उंब्रजहून काकांचा फोन आला. "आरं, त्या गाळ्याच्या भाड्याचा चेक परत आला बघ. भाडेकरूला एक कडक पत्र लिहून दे." त्यांनी स्वतः खरडलेला मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्यात होतं काय? चेकचे ९,००० रुपये, थकलेलं लाईटबिल, बँकेचे चार्जेस, सगळं एकत्र करून खाली ठसठशीत एकच आकडा: "एकूण रु. १२,४१८ ताबडतोब भरावेत."

गोम त्या बेरजेतच आहे!

परत आलेल्या चेकबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ चं कलम १३८ लागतं. त्यात लेखी मागणी करायची ती चेकवरच्या रकमेची. चेक नऊ हजारांचा आणि मागणी साडेबारा हजारांची असली, की समोरचा वकील म्हणणार, ही कलम १३८ ची नोटीसच नव्हे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. चेक एक कोटीचा, नोटिशीत मागितले दोन कोटी. टायपिंगची चूक झाली हा खुलासा कोर्टाने ऐकला नाही. नोटीस बाद, म्हणून केसही बाद.

मग बाकीचे पैसे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. तेही त्याच पत्रात मागता येतात, फक्त वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्याने. काकांना मी हे लिहून दिलं:

"श्री. ........ यांस, स. न.

मार्चच्या गाळाभाड्यापोटी आपण दिलेला दि. २ मार्चचा रु. ९,००० चा चेक (क्र. ....) खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत आला. बँकेने मला हे ६ मार्चला कळवले. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेकची रक्कम रु. ९,००० मला द्यावी. न दिल्यास कलम १३८ खाली तक्रार करावी लागेल.

याखेरीज चेक परत आल्याबद्दल बँकेने माझ्या खात्यातून कापलेले रु. ११८ आणि करारात ठरल्याप्रमाणे उशिराचा आकार रु. २०० आपल्याकडून येणे आहेत. हे रु. ३१८ वरील रु. ९,००० मध्ये धरलेले नाहीत."

११८ म्हणजे बँकेचे १०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पासबुकात नोंद आहे, तिची झेरॉक्स सोबत जोडली. दोनशे रुपये का? तर करारात तेवढेच लिहिलेत म्हणून. करारात काहीच नसतं तर मनाने आकडा टाकण्यात अर्थ नव्हता. आणि लाईटबिल? ते पत्रातून काढलंच. तो हिशोब निराळा, त्याची चिठ्ठी निराळी.

आता तारखा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत पत्र निघालं पाहिजे. काकांना कळलं ६ मार्चला, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत. भाडेकरूला पत्र १२ मार्चला मिळालं असं धरू. त्याचे १५ दिवस २७ मार्चला संपतात. तोवर पैसे आले तर प्रश्नच मिटला. न आले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. त्या पंधरा दिवसांच्या आत घाईने केलेली तक्रार टिकत नाही, हेही काकांना बजावून सांगितलं.

"पण त्याचं खातं सांगलीला आहे, मी काय तिकडं हेलपाटे घालू?" नाही. २०१५ च्या दुरुस्तीपासून चेक ज्याने भरला त्याच्या बँकेची शाखा जिथे, तिथलं कोर्ट. काकांचं खातं उंब्रजचं, म्हणजे काम कराडला.

पत्र वकिलानेच पाठवायला हवं असंही नाही, स्वतःच्या सहीने चालतं. मात्र हातात देऊन "मिळालं ना?" असं विचारण्यावर भागवू नये. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने, करारातल्या पत्त्यावर पाठवायचं आणि पावती, पोच, पत्राची प्रत, मूळ चेक आणि बँकेचा रिटर्न मेमो एका पाकिटात ठेवायचा. पत्ता बरोबर असेल तर "मी घेतलंच नाही" म्हणून भाडेकरूला सहजासहजी सुटता येत नाही.

काकांची शेवटची तक्रार अशी की पत्र फारच मवाळ झालंय, 'फसवणूक' हा शब्द कुठेच नाही. नसू दे. तो शब्द घालून नऊ हजार लवकर येत नाहीत. आकडा आणि तारीख बरोबर असेल तर मात्र येण्याची शक्यता बरीच वाढते.