पेपरआधीच्या दोन रात्री

बायोकेमिस्ट्रीचा थिअरीचा पेपर बुधवारी सकाळी दहाला होता आणि सोमवारी सकाळी मी बारामतीच्या रूमवरून निमगाव केतकीला घरी निघाले. रूमवरच्या मुलींना हे पटलं नाही. पेपर तोंडावर आलेला असताना घरी कोण जातं? त्यांचा बेत ठरलेला होता: रात्री थर्मासमध्ये चहा, पहाटेपर्यंत वाचन, मग तासभर डुलकी. मला मात्र त्या दोन रात्री पुरेशी झोप हवी होती आणि रूमवर दिवा विझत नसे.

अभ्यास कसा करायचा, हे मात्र आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमनी सांगितलेल्या एका प्रयोगावरून ठरवलं होतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी तो केला आणि 2006 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी घेतली तर उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 68 टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना 54. मला त्यातले ते ‘दोन दिवस’ महत्त्वाचे वाटले, कारण माझ्या हातात नेमके तेवढेच होते. शिवाय त्यातून एक सावधगिरी कळली. वही वाचताना ‘हे येतंय मला’ असं जे वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं. पेपर पाच मिनिटांनी नसतो.

एसटी काटेवाडी, भवानीनगर, सणसर करत निघाली. मी वही पिशवीतच ठेवली आणि मांडीवर कोरा कागद घेतला. विषय ग्लायकोलिसिस. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेटचे दोन रेणू होईपर्यंतच्या दहा पायऱ्या आणि त्यांची दहा एन्झाइम्स. सत्रभर ते वर्गात झालं होतं, समजलंही होतं. ज्याचा अर्थच कळलेला नाही, त्याला ही पद्धत वाचवत नाही.

पहिल्या सहा पायऱ्या नीट उतरल्या. हेक्झोकायनेज आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर प्रत्येकी एक एटीपी खर्च होतो, हेही आलं. सातव्यापासून गोंधळ झाला. फॉस्फोग्लिसरेट कायनेज, फॉस्फोग्लिसरेट म्युटेज, इनोलेज: तिन्ही नावं आठवत होती, क्रम हलत होता. अंथुर्णे मागं पडलं तेव्हा वही उघडली आणि फक्त त्या तीन ओळी पाहिल्या. वहीतली सगळी पानं पुन्हा वाचली असती तर घर येईपर्यंतचा वेळ येत असलेल्याच गोष्टींवर गेला असता.

त्या तीन ओळींपाशी मात्र मी थांबले आणि स्वतःला ‘का?’ असं विचारलं. सातव्या पायरीवर एटीपी मिळतो आणि उरलेला फॉस्फेट तिसऱ्या कार्बनवर असतो. म्युटेज त्याला दुसऱ्या कार्बनवर सरकवतं. मग इनोलेज पाण्याचा रेणू काढून घेतं आणि फॉस्फोइनॉलपायरुवेट तयार होतं. त्यातला फॉस्फेट सोडताना इतकी ऊर्जा मोकळी होते की दहाव्या पायरीवर पायरुवेट कायनेज पुन्हा एटीपी बनवू शकतं. फॉस्फेट आधी सरकल्याशिवाय पुढचं घडत नाही. हे कळलं तेव्हा क्रम पाठ करायचा राहिलाच नाही.

घरी दुपारी पुन्हा कोरा कागद घेतला, वीसेक मिनिटं. संध्याकाळी दुसरा विषय, आणि रात्री नऊला पुन्हा ग्लायकोलिसिस. प्रत्येक वेळी लिहून झाल्यावर लगेच वहीशी ताडून पाहायचं. हे टाळून चालत नाही, कारण चुकीचं उत्तर तसंच ठेवून झोपलं तर तेही पक्कं होण्याची भीती असते. साडेदहाला दिवा घालवला.

सकाळी चहाच्या आधी, वही न उघडता, कागद. सातवी, आठवी, नववी पायरी सरळ उतरली. अडलं एकाच ठिकाणी: सहाव्या पायरीवर एनएडीएच किती तयार होतात, एक की दोन? (दोन. चौथ्या पायरीवर साखरेचे दोन तुकडे होतात, म्हणून सहाव्या पायरीपासून पुढचं सगळं दुप्पट मोजायचं.) तेवढं दुरुस्त करायला काही मिनिटं पुरली.

रात्री अभ्यास आणि सकाळी उजळणी या जोडीवर फ्रान्समध्ये एक प्रयोग झाला आहे. 2016 साली मॅझा नावाच्या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. फ्रेंच बोलणाऱ्यांना स्वाहिली शब्द शिकवले. काहींनी सकाळी शिकून त्याच संध्याकाळी उजळणी केली, काहींनी संध्याकाळी शिकून दुसऱ्या सकाळी. दोन्हींत अंतर बारा तासांचंच, पण दुसऱ्या गटाला मधल्या वेळात झोप मिळाली होती. त्यांना पुन्हा पाठ करायला जवळपास निम्मे प्रयत्न लागले आणि सहा महिन्यांनीही त्यांना जास्त आठवलं. दिवसभरात शिकलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधारानं टिकतं. गाढ झोपेत त्याची तिथं पुन्हा उजळणी होते आणि ते हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात रुजतं, असं मानतात. ही गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, स्वप्नांची झोप उत्तरार्धात. पहाटेपर्यंत जागून तासभर झोपणाऱ्याच्या हाती दोन्ही पुरेशा लागत नाहीत. शिवाय जागरणानंतर दुसऱ्या दिवशी वाचलेलं नवंही कमी बसतं.

मंगळवारची रात्र अवघड होती. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती आणि अण्णांना उसाला पाणी द्यायचं होतं. दारं धरायचं म्हणजे रात्रीतून उठणं, बॅटरी, कडी, कुत्र्यांचं भुंकणं. अण्णा आपणहून म्हणाले, “मी मोटरीपाशीच झोपतो. तू दार आतून लावून घे, आईला सांग मला उठवायला येऊ नको.” दुपारी चारनंतर मी चहा घेतला नव्हता. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. आई दोनदा कप घेऊन आली, शेवटी दूध ठेवून गेली.

त्या संध्याकाळी नवं काही मुळापासून सुरू केलं नाही. एक प्रकरण वर्गात घाईत झालं होतं. त्याची फक्त मुख्य आकृती दोनदा काढली आणि बारकावे सोडून दिले. एका रात्रीत ते बसणार नव्हते आणि त्यासाठी झोप मोडली असती तर आलेलंही ढिलं झालं असतं. नऊला शेवटचा कागद लिहिला, साडेनऊला आडवी झाले. झोप लगेच लागली नाही. मग मनातल्या मनात पायऱ्या म्हणत न बसता नुसती पडून राहिले.

बुधवारी सकाळच्या गाडीत फक्त ऊर्जेचा हिशेब लिहून पाहिला: दोन एटीपी खर्च, चार तयार, निव्वळ दोन, आणि सोबत दोन एनएडीएच. पेपरात पायऱ्यांसह हाच प्रश्न आला. सातव्या पायरीशी हात थांबला नाही. त्या घाईतल्या प्रकरणावरही एक प्रश्न होता. त्यात आकृती आणि चार ओळी लिहिल्या, बाकी आठवायला काही नव्हतंच.

पुढचा पेपर शुक्रवारी होता. त्याच दुपारी जेवून अर्धा तास झोपले. तीननंतर झोपलं तर रात्री झोप उशिरा लागते, म्हणून अडीचला उठले आणि नव्या विषयाचं नाव लिहून कोरा कागद पुढ्यात घेतला.