भावाआधी पन्हा

ईदचं कापड घेताना आम्ही भावाआधी पन्हा विचारतो. अब्बांची छाती ४०, कुर्त्याची लांबी ४२, बाही २४ इंच. छातीत सैलपणाचे ६ मिळवून निम्मे केले की २३. माया धरून पुढचा भाग २५ इंच रुंद, मागचाही तेवढाच. ५८ इंची पन्ह्यात दोन्ही शेजारी बसतात. लांबी दुमडीसह ४५, खाली शेजारीशेजारी बाह्या २६, एकूण ७१ इंच. २ मीटर पुरतात. ३६ इंची पन्ह्यात मात्र लांबी दोनदा धरावी लागते: ११६ इंच, म्हणजे ३ मीटर. त्यामुळे २०० रुपये मीटरचं अरुंद कापड ६०० रुपयांना पडतं आणि २८० चं रुंद ५६० ला. सुती आटतं, म्हणून अरुंद पन्ह्यात पाव मीटर जास्तच घ्यावं.