नुसता बिलाचा फोटो



मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेने व्हॉट्सॲपवर विजेच्या बिलाचा फोटो पाठवला. खाली एक अक्षरही नाही. आता यात तिला काय विचारायचंय? 'हे एवढे आकार कसले?' की 'बिल चुकलंय का?' दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आकार समजावणं सोपं. स्थिर आकार वीज वापरा न वापरा, लागतोच. वीज आकार आणि वहन आकार युनिटवर. त्यातही पहिल्या शंभर युनिटचा दर कमी, पुढे तीनशेपर्यंत जास्त, त्यापुढे आणखी जास्त. या सगळ्याच्या बेरजेवर वीज शुल्क, आपल्याकडे घरगुतीला शेकडा 16. पण हे सगळं सांगून बिल बरोबर आहे असं सिद्ध होत नाही. युनिटच चुकीचे असतील तर पुढचं गणित बिनचूक असूनही बिल चूकच.

म्हणून मी आधी रीडिंग पाहिलं. मागील 4520, चालू 4862, वापर 342. वजाबाकी बरोबर. पण शेजारी मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो दर महिन्याला 110च्या आसपास. घरात नवीन काही घेतलेलं नाही, पाहुणे नाहीत. तरीही नुसत्या जास्त आकड्यावरून चूक म्हणता येत नाही. आधीच्या महिन्यात सरासरीने बिल दिलं असेल तर राहिलेले युनिट पुढच्या बिलात एकदम येतात, आणि ते खरेच वापरलेले असतात. तिच्या मागच्या बिलावर 'सरासरी' कुठेच नव्हतं.

मग तिला फोन केला. "मीटरचा फोटो पाठव, नंबर दिसेल असा. दशांश चिन्हानंतरचा आकडा मोजू नकोस."

"अक्का, आत्ता 4665 दिसतंय."

रीडिंग घेऊन दहा दिवस झाले होते. बिलात 4862 आणि मीटर त्याच्याही मागे! मीटर काही उलटं फिरत नाही. बहुधा 4628चे शेवटचे तीन आकडे मागेपुढे झाले असावेत. तसं धरलं तर वापर 108 येतो, आणि पुढचे दहा दिवसांचे 37 युनिटही जुळतात. 342 झाल्यामुळे शेवटचे 42 युनिट तीनशेवरच्या महाग दराने लागले होते, ते वेगळंच. मीटरवर 4862पेक्षा जास्त दिसलं असतं, तर मात्र मी तिला तक्रार करू दिली नसती. आधी गिझर आणि फ्रिज तपासायला लावले असते.

तिने मीटरचा फोटो, बिल आणि ग्राहक क्रमांक जोडून लेखी तक्रार दिली, पोच घेतली. निकाल लागेपर्यंत वीज तुटू नये म्हणून 2003च्या वीज कायद्यात सोय आहे: मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरायची. तिने सरासरी भरली. दुरुस्त बिल पुढच्या आठवड्यात आलं, 108 युनिटचं.