बावीस तारखेची चिठ्ठी

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा साच्यावर होते. त्या उन्हाळ्यात चाळीच्या मालकांना द्यायची चिठ्ठी त्यांनी माझ्याच वहीच्या पानावर लिहिली. आईची भिशी वीस तारखेला लागणार होती. बाबांनी लिहिलं, ‘बावीस तारखेला भाडं पोचतं करतो.’ मी विचारलं, वीस का नाही? ते म्हणाले, “भिशीतलं एखादं माणूस पैसे द्यायला चुकलं तर? शब्द आपला जातो.” एकवीस तारखेला मीच पैसे देऊन पावती आणली.

हे विसरून पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मी घरमालकांना लिहिलं, ‘अडचण आहे, लवकरच देते.’ तेही भाड्याची तारीख उलटल्यावर. मग दर दोन दिवसांनी त्यांचा फोन. मला तो जाच वाटायचा. एकदा ते म्हणाले, “याच भाड्यातून माझा बँकेचा सात तारखेचा हप्ता जातो हो.” तेव्हा कळलं, माझ्या अडचणीची कहाणी ऐकून त्यांचा हप्ता भागणार नव्हता. त्यांना हवी होती एक रक्कम आणि एक तारीख, तीही सातच्या आधी कळलेली. ‘लवकरच’मध्ये यातलं काहीच नव्हतं.

गेल्या वर्षी लेकीचा फोन आला. भाडं चौदा हजार, द्यायचं पाच तारखेला, पगार मात्र दहाला होणार होता. तिने लिहिलेल्या मजकुरात आजारपण, प्रवास, कंपनीचा घोळ असं सगळं होतं, तारीख नव्हती. आम्ही दोघींनी तो पुन्हा लिहिला आणि दोन तारखेलाच पाठवला:

‘काकू, नमस्कार. या महिन्यात माझा पगार १० तारखेला होणार आहे. भाड्याच्या १४,००० पैकी ५,००० आज पाठवते. उरलेले ९,००० रुपये १२ तारखेपर्यंत नक्की देते. तुम्हाला चालेल का, कृपया कळवा. तसदीबद्दल क्षमस्व.’

कारण एका वाक्यात संपलं. हाताशी होते तेवढे पैसे आधी गेले, म्हणून उरलेल्यांवर विश्वास ठेवणं काकूंना सोपं झालं. दहाला पगार, तरी तारीख बाराची. ते दोन दिवस बाबांचे. आणि ‘चालेल का’ हे विचारायलाच हवं, कारण सवलत मागायची असते, गृहीत धरायची नसते. करारात उशिराचा दंड असेल, तर मालकाचा होकार येईपर्यंत तो लागू असतो. म्हणून तो होकार लेखी असावा.

काकूंचं उत्तर आलं, ‘चालेल गं.’

अकरा तारखेला लेकीने पैसे पाठवले आणि खाली एक ओळ लिहिली: ‘उरलेले ९,००० पाठवले, मिळाल्याचं कळवा.’ ही ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. ती जरूर लिहा. पुढच्या वेळी मुदत मागावी लागली, तर समोरच्याला आधी तीच आठवते.